ओल्या वजनाचं व्याज

तिला नावाने हाक मारणारं त्या धुलाई कारखान्यात कोणी उरलंच नव्हतं. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती तराजूबाई. बावीस वर्षं एकाच वजनकाट्यापाशी बसलेली, कानामागे पेन्सिल, नाकावर चष्मा, आणि कोणी घाई केली की एकच उत्तर ठरलेलं, "काटा थांबू दे, मग तोंड उघड."

हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगांनी यायच्या. बिल किलोवर आणि तेही कोरड्या वजनाचं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या माणसाने आरडाओरडा केला की आमचं बिल फुगतं कसं. मालक हात झटकून मोकळा झाला. तराजूबाई मात्र हट्टाला पेटली आणि तीन दिवसांत शोधून काढलं की रात्रपाळीचा एक शहाणा धुऊन निघालेल्या ओल्या चादरीच काट्यावर टाकतोय. पाण्याचे पैसे चादरीच्या नावाने! तिने त्याला सगळ्यांसमोर असं झापलं की बिचारा पुढे महिनाभर काट्याजवळून जाताना मान खाली घालायचा. तेव्हापासून तिचा आकडा म्हणजे आकडा. ती लिहील ते वजन, ती सांगेल ते खरं. बायका पगाराची चिठ्ठीसुद्धा तिला दाखवून घ्यायच्या.

आता सांगायचं ते असं, की हाच विश्वास एक दिवस तिच्या मानेवर बसला.

त्या दिवशी तिने सकाळची अर्धी रजा टाकली होती. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आणि घरावरच्या गळक्या पत्र्यासाठी तिने एका फायनान्स कंपनीकडून एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज घेतलं होतं. तीन वर्षं मुदत, दहा टक्के व्याज, महिन्याला साडेसहा हजार हप्ता. अठरा हप्ते एकही न चुकवता भरले होते. बहिणीकडे ठेवलेली भिशी उठली, त्यात एक जुनी सोनसाखळी मोडली आणि नव्वद हजार जमले. निम्मी मुदत संपली, निम्मं मुद्दल फिटलं, उरलेले नव्वद आज फेकायचे आणि मोकळं व्हायचं. तिचा हिशोब एवढा साधा होता की तिने तो कागदावर मांडलासुद्धा नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने नंबर टाइप केला आणि हसतमुखाने सांगितलं, "मावशी, आज बंद करायचं तर एक लाख एक हजार नऊशे चौतीस. बंद करण्याची फी वेगळी."

"काहीतरी चुकतंय बाळा. पुन्हा बघ."

मुलीने पुन्हा बघितलं. तेच.

"अगं, महिन्याला पाच हजार मुद्दल आणि दीड हजार व्याज, असंच सांगितलं होतं ना मला? अठरा पंचे नव्वद. नव्वद फिटले, नव्वद राहिले."

"ती हप्ता ठरवायची रीत झाली, मावशी. सगळ्या रकमेवर तीन वर्षांचं व्याज काढायचं, मुद्दलात मिळवायचं आणि छत्तीसने भागायचं. पण मधेच बंद करताना मशीन खऱ्या दराने मोजतं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त गेलेलं असतं, मुद्दल कमी."

"खऱ्या दराने म्हणजे? दहा खोटा होता का?"

मुलगी जरा गडबडली. तिने छापलेला कागद पुढे सरकवला आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, शिल्लक रकमेवरील वार्षिक दर, सतरा पूर्णांक ब्याण्णव टक्के.

तराजूबाईने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. आकडा तोच राहिला. स्वतःच्या बारा हजारांचं तिला काही वाटलं नाही. बारा हजार तिने कुठूनतरी उभे केले असते. तिला एकदम आठवलं ते वेगळंच. आज पगाराचा दिवस. दुपारी तीन वाजता त्याच कंपनीचा टायवाला एजंट कारखान्याच्या कँटीनमध्ये येणार होता. तिची भाची, सख्ख्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, जी तिथेच इस्त्रीच्या रोलरवर काम करायची, ती आज नव्या जागेच्या अनामतीसाठी तीन लाख साठ हजारांच्या कर्जावर सही करणार होती. मावशीने सांगितलं म्हणून. आणि जामीनदार म्हणून मावशीचीच सही लागणार होती.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, तरी ती दांडा धरून उभी राहिली. भाचीच्या आधी तिथूनच कर्ज घेतलेल्या पाच जणी होत्या. ड्रायरवरच्या दोघी, घडीवाली, फाटकं शिवणारी टाकेवाली आणि ती म्हातारी साबणवाली, जिने नातीच्या कॉलेजसाठी कर्ज काढलं होतं. पाचही जणी काट्यापाशी येऊन विचारून गेल्या होत्या. कारखान्याच्या पतसंस्थेत चौदा टक्के, फायनान्सकडे दहा, कुठलं घ्यावं, बाई? आणि बाईने काय केलं होतं, तर पाटीवर खडूने दहा आणि चौदा लिहून विचारलं होतं, "यातला जड कुठला? मग? एवढंही कळत नाही का गं तुम्हाला?"

सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती. ते हसणं तिला आता कानात ऐकू येत होतं.

सांगायलाच हवं असं कुठे होतं? हा विचारही तिच्या मनात आला, खोटं कशाला बोला. हप्ते ठरलेले होते, बायका भरत होत्या, कोणी मुदतीआधी बंद करायला जाणार नव्हतं. छत्तीस हप्ते संपले की कोणाला काही कळणारही नव्हतं. गप्प बसलं की तराजूबाई तराजूबाईच राहणार होती. आणि बोललं, तर बावीस वर्षांची इज्जत कँटीनच्या टेबलावर उघडी पडणार होती. हा विचार बस थांबेपर्यंत डोक्यात फिरत होता.

ती कारखान्यात शिरली ती काट्याकडे गेलीच नाही. जिन्याखालच्या खोलीत पतसंस्थेचं ऑफिस होतं, एक टेबल, एक कपाट आणि एक चष्मेवाले कारकून, जे प्रत्येक वाक्याआधी खाकरायचे.

"तीन लाख साठ हजार, तीन वर्षं. आपल्याकडे कसं पडतं, मला दाखवा." तिने दारातूनच सांगितलं.

चष्मेवाले खाकरले. "दीड वर्षापूर्वी मी दाखवत होतो. तुम्ही म्हणालात, दहा आणि चौदा मला कळतात."

"म्हणाले होते. मारा टोमणे, पण आधी दाखवा. दोन वाजून गेलेत."

तिचा चेहरा बघून त्यांनी टोमणे आवरले. कपाटातून छापील तक्ता काढला, छत्तीस ओळींचा. "हे बघा. आपला हप्ता बारा हजार तीनशे चार. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे पूर्ण तीन लाख साठ हजार असतात, म्हणून व्याज बेचाळीसशे. उरलेले आठ हजार शंभर मुद्दलातून गेले. पुढच्या महिन्यात व्याज उरलेल्या मुद्दलावरच. तेही कमी झालं. दर महिन्याला असं उतरत जातं. बघा, तेराव्या महिन्यात दोन हजार नऊशे नव्वद. शेवटच्या महिन्यात किती?"

तिने बोट खाली नेलं. एकशे बेचाळीस.

"आणि त्यांच्याकडे?" तिने विचारलं, पण उत्तर तिला येत होतं. तीन लाख साठ हजारांवर वर्षाला छत्तीस हजार, महिन्याला तीन हजार. पहिल्या महिन्यात तीन हजार, शेवटच्या महिन्यातही तीन हजार. "तो टायवाला मला पहिलीच ओळ दाखवायचा. बघा मावशी, संस्थेचं व्याज बेचाळीसशे आणि आमचं तीन हजार."

"पहिली ओळ खरीच आहे. पण त्यांच्या मांडणीनेच शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे किती राहिलेले असतात?"

"दहा हजार."

"दहा हजारांवर एका महिन्याचं व्याज तीन हजार. एवढं तर तो गल्लीतला सावकारही लाजत लाजत मागेल. आपलं तीन वर्षांचं सगळं व्याज ब्याऐंशी हजार नऊशे. त्यांचं एक लाख आठ हजार. म्हणजे पंचवीस हजार जास्त. आपल्या रीतीने मोजलं तर त्यांचे दहा टक्के म्हणजे जवळजवळ अठरा. आपले चौदा म्हणजे चौदाच."

तराजूबाई तक्त्याकडे बघत राहिली. मुद्दल दर महिन्याला हलकं होत होतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या ओझ्यावर. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मेल्याने ओलं वजन लावलं की हो."

चष्मेवाल्यांना ते कळलं नाही. तिला मात्र इतकं लख्ख कळलं की डोळ्यांत पाणी आलं. ज्या चोरीसाठी तिने एका पोराला महिनाभर मान वर करू दिली नव्हती, तीच चोरी तिच्या डोळ्यांदेखत झाली होती, आणि तिने पाच जणींना हाताला धरून तिथे नेऊन उभं केलं होतं.

"भाचीला आपल्याकडून कधी मिळेल?"

"आज अर्ज दिला तर पुढच्या गुरुवारी समिती बसते. आठ दिवस धरा."

आठ दिवस! भाचीने बघून ठेवलेल्या जागेच्या घरमालकाने उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. दोन खोल्या, स्वतःचं न्हाणीघर, उजेडाची खिडकी. भाची सहा वर्षं सासरच्या एका खोलीत पडदा लावून झोपत होती. अनामत भरली नाही तर जागा दुसऱ्याला. आणि ती जागा हातची घालवायला आता कोण निघालं होतं, तर हीच सल्लागार मावशी.

ती कँटीनमध्ये पोचली तेव्हा तीनला पाच मिनिटं होती. टायवाला आधीच येऊन बसला होता, समोर फाइल, बाजूला चहा. भाची त्याच्यासमोर, केस नीट विंचरून आलेली. आसपास पाचही जणी होत्या, पगाराचा दिवस म्हणून चहा घेत. मावशीला बघून भाचीचा चेहरा फुलला. "आलीस! मला वाटलं, विसरतेस की काय. ये, आधी तुझीच सही."

"या मावशी," टायवाल्याने खुर्ची ओढली. "जामीनदार इथे. फुलीच्या वर."

त्याने पेन तिच्या हातात दिलं. तराजूबाई बसली. कागदावर भाचीचं नाव होतं, रक्कम होती आणि ठळक अक्षरांत दहा टक्के फ्लॅट. फ्लॅट! त्या शब्दाचा अर्थ तिने दीड वर्षापूर्वी मनानेच लावला होता, वाढणार नाही तो दर; पूर्ण मुद्दलावर लागतच राहतो, हे तिला आज कळलं. कोणाला विचारलं नव्हतं. विचारायची सवय नव्हती ना. तिला सगळे विचारायचे.

"मावशी, काय झालं?" भाचीने हळूच विचारलं.

साबणवाली म्हातारी पलीकडून कौतुकाने बघत होती. तिच्याकडे बघवेना. एक सही केली की सगळं सुरळीत होणार होतं. पेनाचं टोक कागदाला टेकलंसुद्धा. बारीक निळा ठिपका उमटला.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिचा तिलाच परका वाटला. "हिने इथे सही करायची नाही."

"अगं, काय बोलतेस? उद्या जागा जाईल माझी!"

"जाऊ दे. थांब. सगळ्या थांबा." ती उठली, शेजारच्या धुलाईच्या दालनात गेली आणि टाक्याजवळच्या ढकलगाडीतून पाणी निथळणारी एक चादर काढून घेऊन आली. फरशीवर ओघळ आला. घड्यांच्या गठ्ठ्यातली एक कोरडी चादर तिने दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही भाचीच्या हातांत दिल्या.

"एकाच मापाच्या आहेत. जड कुठली?"

"ओली. पण मावशी, माझ्या..."

"बिल कुठल्या वजनावर करायचं?"

उत्तर घडीवालीने दिलं. "कोरड्या. तुम्हीच तर शिकवलंत."

"हो ना? मग ऐका." तिने ओल्या चादरीवर बोट ठेवलं. "आपण हप्ता भरतो तसं आपलं कर्ज वाळत जातं. पहिल्या महिन्यात भिजलेलं, शेवटच्या महिन्यात कोरडं. संस्था जेवढं उरलं त्यावर व्याज घेते. हे शेवटच्या दिवसापर्यंत ओल्या वजनावर घेतात. म्हणून दहा दिसतात. खरे अठरा आहेत. मी आज ऑफिसात जाऊन छापील बघून आले." तिने पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला, बाजूला चष्मेवाल्यांचा तक्ता. "हिला तीन वर्षांत पंचवीस हजार जास्त पडतील."

टायवाला रागावला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, मी खोटं बोललो का कधी? दहा म्हणालो, फ्लॅट म्हणालो, हप्ता किती तेही सांगितलं. कागदावर आहे सगळं."

"नाही बोललात. तुम्ही पहिली ओळ दाखवलीत आणि मी पहिलीच बघितली."

त्याने फाइल मिटली, उरलेला चहा प्यायला आणि निघून गेला. तो गेला आणि मग खरी भीती सुरू झाली, कारण आता त्या खोलीत सगळ्या तिच्याच होत्या.

दोघींपैकी एक ड्रायरवाली आधी बोलली. "म्हणजे आमचंही अठराच?"

"हो."

"आणि आम्ही तुम्हाला विचारलं होतं."

"हो गं."

साबणवालीने फक्त कप उचलला आणि धुवायला गेली. ते जास्त लागलं. भाची मात्र उभी होती, दोन्ही हातांत अजून दोन चादरी, ओलीचं पाणी तिच्या चांगल्या साडीवर उतरत होतं.

"माझ्या वेळी सांगितलंस," भाची म्हणाली. "यांच्या वेळी का नाही?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"कोणाला विचारलं होतंस?"

तराजूबाईने तोंड उघडलं. नवऱ्याचं ऑपरेशन होतं, घाई होती, टायवाला गोड बोलायचा, चष्मेवाले खडूस होते, सगळी उत्तरं तयार होती. तिने ती गिळली.

"नाही. कोणालाच नाही."

भाचीने चादरी टेबलावर टाकल्या आणि रोलरवर निघून गेली. सुट्टी होईपर्यंत तिने मावशीकडे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी घरमालकाला आठ दिवस मागितले, तो तयार झाला नाही. जागा गेली. गुरुवारी संस्थेचं कर्ज मंजूर झालं ते दुसऱ्या जागेसाठी, लांबची, एका खोलीची, खिडकी भिंतीकडे उघडणारी. तराजूबाईने स्वतःचे नव्वद हजार फायनान्सला भरलेच नाहीत. पाचही जणींचे कागद मागून घेतले आणि चष्मेवाल्यांसमोर बसून एकेकीचं काढलं. संस्थेकडून कर्ज घेऊन ते बंद केलं तर किती वाचतं, फी धरून, नाही धरून. घडीवालीची अठराच महिन्यांची मुदत शिल्लक होती, तिचं वाचत होतं तेवढं फी खाऊन टाकत होती. साबणवालीचे तीस हप्ते बाकी होते. तिचं बरंच वाचत होतं, पण जुनं फेडताना बंद करण्याच्या फीचे रोख पैसे तिच्याकडे नव्हते. ते तराजूबाईने त्या नव्वदांतून दिले. म्हातारीने घेतले, मोजले आणि म्हणाली, "परत देईन. व्याज किती?" तराजूबाईला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या सोमवारी सकाळी ड्रायरवाली गाडी घेऊन काट्यापाशी आली. तराजूबाईने गठ्ठा ठेवला, काटा थांबला, तिने आकडा लिहायला पेन्सिल टेकवली. ड्रायरवाली मात्र गेली नाही. ती पुढे वाकून तबकडीकडे बघत होती, ओठ हलवत आकडा वाचत होती. बावीस वर्षांत कोणी असं वाकलं नव्हतं. तिच्यानंतर घडीवालीही वाकली. मग टाकेवाली. दुपारी भाची आली, अबोला धरून, पण तीही वाकली.

तराजूबाईला वाटलं, उठून घरी जावं आणि परत येऊच नये. मग ती उठली, काट्याच्या तबकडीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून बायकांच्या बाजूला फिरवलं. आता तिला आकडा दिसत नव्हता. तिने पेन्सिल कानामागून काढली आणि भाचीला म्हणाली, "वाच. मी लिहिते."

भाची पुन्हा वाकली. काटा कधीच थांबला होता.

"चौदा किलो दोनशे," ती शेवटी म्हणाली. "कोरडं."